चूक प्रसृत झाल्यानंतरचे शुद्धिपत्रक : लेखनाची रीत आणि मर्यादा

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या कामकाजात सूचना काढणे ही नित्याची बाब आहे. परीक्षा विभाग, प्रवेश समिती, ग्रंथालय, राष्ट्रीय सेवा योजना यांपैकी कोणता ना कोणता विभाग दररोज काहीतरी कळवीत असतो. पूर्वी ही सूचना काचफलकात लागत असे. चूक लक्षात आली की लिपिक कागद काढून घेई व दुसरा लावी. ज्यांनी पहिला कागद वाचला होता त्यांतील बहुतेक जण दुसऱ्या दिवशी त्याच फलकासमोरून जात, त्यामुळे चूक आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी भेटत. आज तीच सूचना काही सेकंदांत शेकडो मोबाइलवर पोहोचते, तेथून पालकांकडे व मित्रांकडे जाते, आणि परत बोलावता येत नाही. अशा वेळी चार ओळींची दुरुस्ती कशी लिहावी, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु त्या चार ओळींवर एखाद्या विद्यार्थ्याचा पेपर बुडणे वा न बुडणे अवलंबून असते.

प्रस्तुत लेखात एकाच प्रसंगाच्या आधारे या लेखनाचा विचार केला आहे. प्रसंग कल्पित असला तरी परीक्षा विभागात काम केलेल्या कोणाही प्राध्यापकाच्या परिचयाचा आहे. द्वितीय वर्ष वाणिज्य वर्गाच्या अंतर्गत परीक्षेचे वेळापत्रक मंगळवार, दि. १० मार्च २०२६ रोजी दुपारी ४ वाजता वर्गातील सर्व विद्यार्थ्यांना पाठविण्यात आले. मंजूर वेळापत्रकानुसार व्यवसाय अर्थशास्त्राचा पेपर गुरुवार, १२ मार्च रोजी सकाळी ८ वाजता, तर लेखाशास्त्राचा पेपर शनिवार, १४ मार्च रोजी सकाळी ११ वाजता होता. मजकूर तयार करताना खालच्या ओळीतील तारीख व वेळ वरच्या ओळीतही उतरली गेली. परिणामी दोन्ही पेपर १४ मार्चला सकाळी ११ वाजता असल्याचे सर्वांना कळले. साडेपाचच्या सुमारास एका विद्यार्थ्याने वर्गशिक्षकांना विचारले, “सर, एकाच वेळी दोन पेपर कसे?” तेव्हा चूक उघडकीस आली. खऱ्या पेपराला त्या क्षणी साडेअडतीस तास उरले होते.

चुकीची दिशा

दुरुस्ती लिहिण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते : या चुकीवर विसंबून वागणाऱ्याचे काय होईल? खरी तारीख १४ असताना सूचनेत १२ पडली असती, तर विद्यार्थी दोन दिवस आधी येऊन परत गेला असता. त्याचा वेळ व प्रवासखर्च वाया गेला असता, तो रागावलाही असता, पण त्याचा पेपर शाबूत राहिला असता. उलट खरी तारीख १२ असताना १४ कळली, तर तो १२ तारखेला घरी अभ्यास करीत बसेल आणि पेपर होऊन जाईल. दोन्ही चुका दोन दिवसांच्याच आहेत. परंतु पहिली गैरसोयीची आहे आणि दुसरी न भरून येणारी. शुल्काची अंतिम तारीख, अर्जाची मुदत, मुलाखतीची वेळ या सर्वांना हाच नियम लागू होतो. खऱ्या वेळेपेक्षा पुढची वेळ कळवली गेली असेल, तर दुरुस्ती त्याच संध्याकाळी गेली पाहिजे आणि ती एकापेक्षा अधिक मार्गांनी गेली पाहिजे.

याच विचारातून दुरुस्तीचा आकारही ठरतो. नावातील वेलांटी चुकली असेल किंवा पदनाम अपुरे असेल, तर त्यासाठी शेकडो लोकांना दुसरा संदेश पाठविण्याची आवश्यकता नसते. कार्यालयीन प्रतीत दुरुस्ती केली की पुरे. वाचणाऱ्याच्या कृतीत फरक पडत नाही अशा चुकीसाठी वारंवार दुरुस्त्या पाठविल्यास लोक ‘दुरुस्ती’ हा शब्द पाहूनही संदेश उघडेनासे होतात, आणि खरी निकड असलेली दुरुस्ती त्या गर्दीत हरवते.

शुद्धिपत्रकाची रूढ रचना

मराठी प्रशासकीय लेखनात दुरुस्तीसाठी ‘शुद्धिपत्रक’ हा स्वतंत्र प्रकार रूढ आहे. शासन निर्णयात लेखनाची वा टंकलेखनाची चूक राहिली तर शुद्धिपत्रक निघते. मूळ निर्णयात काही भर घालावयाची असेल तर पूरकपत्र काढले जाते. आणि निर्णयच बदलावयाचा असेल तर आधीचा निर्णय अधिक्रमित करून नवा काढला जातो. हा भेद महाविद्यालयांनीही पाळण्यासारखा आहे. पेपराची तारीख मुळात १२ ठरली होती व चुकून १४ छापली गेली, तर ते शुद्धिपत्रकाचे काम आहे. परंतु १४ ठरली होती आणि नंतर सोयीसाठी १२ केली, तर तो निर्णयातील बदल आहे. त्याला शुद्धिपत्रक म्हणणे म्हणजे बदलाला चुकीचे नाव देणे होय. विद्यार्थ्यांच्या हे लवकर लक्षात येते, आणि पुढील खऱ्या शुद्धिपत्रकावरचाही त्यांचा विश्वास उडतो.

वरील प्रसंगात कार्यालयीन शुद्धिपत्रक साधारणतः असे असेल :

“संदर्भ : परीक्षा विभागाची सूचना, दि. १०/०३/२०२६. उपरोक्त संदर्भाधीन सूचनेतील द्वितीय वर्ष वाणिज्य वर्गाच्या ‘व्यवसाय अर्थशास्त्र’ या विषयासमोरील ‘शनिवार, दि. १४/०३/२०२६, सकाळी ११.००’ या मजकुराऐवजी ‘गुरुवार, दि. १२/०३/२०२६, सकाळी ८.००’ असे वाचावे. सदर सूचनेतील उर्वरित मजकूर कायम राहील.”

ही रचना अनेक वर्षांच्या वापरातून घडलेली असून तिचे गुण स्पष्ट आहेत. कोणत्या सूचनेतील, कोणत्या ठिकाणचा, कोणता मजकूर बदलला हे ती नेमकेपणाने सांगते. ‘उर्वरित मजकूर कायम’ या शब्दांनी ती बदलाला कुंपण घालते. जावक क्रमांक व स्वाक्षरी असल्याने पुढे वाद उद्भवल्यास ती पुरावा म्हणून उभी राहते. म्हणून हे शुद्धिपत्रक काढलेच पाहिजे व मूळ सूचनेच्या प्रतीला जोडून ठेवले पाहिजे.

अडचण उद्भवते ती हेच शुद्धिपत्रक जसेच्या तसे विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर पाठविल्यास. ‘अमुकऐवजी तमुक वाचावे’ हे वाक्य मूळ कागद समोर ठेवून बसलेल्या माणसासाठी लिहिलेले असते. तो पेन घेऊन जुना मजकूर खोडतो व नवा लिहितो. रिक्षात बसून संदेश पाहणाऱ्या विद्यार्थ्यासमोर मूळ कागद नसतो. त्याला प्रथम भेटते ती चुकीची तारीख, आणि मोबाइलच्या बंद पडद्यावर संदेशाची जी पहिली ओळ दिसते तीत बहुधा ‘उपरोक्त संदर्भाधीन सूचनेतील’ एवढेच असते. घाईत वाचणारा ‘१४ मार्च, सकाळी ११’ एवढेच टिपून ‘बरोबर, मला माहीत आहे’ म्हणत पुढे जाण्याचा धोका येथे खरा आहे. म्हणजे एकाच चुकीसाठी दोन मजकूर लागतात : एक नोंदीसाठी व एक वाचणाऱ्यासाठी. दोहोंचे काम वेगळे असल्याने त्यांची वाक्यरचनाही वेगळी हवी.

नकार पुरेसा का नाही

वाचणाऱ्यासाठी मजकूर लिहिताना सहज सुचणारे वाक्य म्हणजे ‘आधीची सूचना चुकीची असून ती ग्राह्य धरू नये’. हे वाक्य सत्य आहे, पण अपुरे आहे. हॉलिन जॉन्सन व कॉलीन सायफर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाचकांना एका गोदामाला लागलेल्या आगीचा वृत्तान्त टप्प्याटप्प्याने वाचावयास दिला होता. आधी असे सांगण्यात आले की एका कपाटवजा खोलीत रंगाचे डबे व गॅसची नळकांडी होती. नंतर सांगण्यात आले की ती खोली रिकामीच होती. वाचकांना ही दुरुस्ती आठवत होती. तरीही आगीसंबंधीच्या प्रश्नांची उत्तरे देताना ते रंग व गॅस यांचाच आधार घेत राहिले. मात्र आगीचे दुसरे एखादे कारण पुरविले गेले, तेव्हा जुन्या माहितीचा हा प्रभाव कमी झाला.

या अभ्यासाचा विषय परीक्षेची सूचना हा नव्हता; परंतु त्यातून मिळणारा बोध येथे उपयोगी पडतो. मनातील एखादी माहिती नुसती खोडून निघत नाही, तिच्या जागी दुसरी ठेवावी लागते. म्हणून दुरुस्तीचे पहिले वाक्य नकाराचे नसावे. ते खऱ्या माहितीचे, पूर्ण व स्वतंत्र वाक्य असावे. ज्याने मूळ सूचना वाचलीच नाही त्यालाही केवळ या एका वाक्यावरून योग्य वेळी योग्य ठिकाणी पोहोचता आले पाहिजे. चुकीचा उल्लेख त्यानंतर, एकदाच आणि थोडक्यात यावा. तो अजिबात गाळणेही योग्य नाही. कारण दोन वेगवेगळ्या तारखा हाती असलेला विद्यार्थी कोणती नंतरची हे ठरवू शकत नाही.

एसएमएसचा मजकूर

आता प्रत्यक्ष मजकुराकडे वळता येईल. एसएमएसने दुरुस्ती पाठविताना जागेचे बंधन काटेकोर असते. इंग्रजी मजकुराच्या एका एसएमएसमध्ये १६० चिन्हे मावतात. देवनागरीत मात्र केवळ ७०. संदेश त्याहून मोठा झाला की तो तुकड्यांत जातो व प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हे बसतात. येथे काना, मात्रा, वेलांटी, हलन्ताचे चिन्ह व मोकळी जागा यांची प्रत्येकी स्वतंत्र गणना होते. ‘मार्च’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत त्याची पाच चिन्हे होतात.

या मर्यादेत परीक्षा विभागाने केलेला पहिला प्रयत्न असा होता :

“दुरुस्ती: अर्थशास्त्राचा पेपर गुरुवार, १२ मार्च, सकाळी ८ वाजता आहे. १४ मार्चची सूचना चुकीची होती. बाकी वेळापत्रक तेच. - परीक्षा विभाग”

पहिले वाक्य निर्दोष आहे. ते नेमके ६७ चिन्हांचे असल्याने पहिल्या तुकड्यातच पूर्ण होते. दोष दुसऱ्या वाक्यात आहे. १४ मार्चला लेखाशास्त्राचा पेपर खरोखरच आहे. ‘१४ मार्चची सूचना चुकीची होती’ हे वाचून एखादा विद्यार्थी तोही पेपर त्या दिवशी नाही असे समजू शकतो. एक चूक दुरुस्त करताना दुसरी निर्माण झाली, आणि तीही पेपर बुडविणारीच. हा दोष लिहिणाऱ्याला दिसणे कठीण असते. कारण ‘१४ मार्चची सूचना’ म्हणजे अर्थशास्त्राविषयीची, हे त्याच्या मनात आधीच पक्के असते. म्हणून मजकूर पाठविण्यापूर्वी ज्याला या प्रकरणाची माहिती नाही अशा एखाद्या सहकाऱ्याला तो वाचावयास द्यावा आणि ‘बरोबर आहे ना?’ असे न विचारता ‘यावरून कोणते पेपर कधी आहेत ते सांगा’ असे विचारावे. त्याचे उत्तर चुकले तर वाक्य चुकले असे समजावे.

सुधारलेला मजकूर असा :

“दुरुस्ती: अर्थशास्त्राचा पेपर गुरुवार, १२ मार्च, सकाळी ८ वाजता आहे. लेखाशास्त्र मात्र १४ मार्चलाच. बाकी वेळापत्रक तेच. - परीक्षा विभाग”

हा संदेश १३४ चिन्हांचा असून दोन तुकड्यांत बरोबर मावतो. ‘मात्र’ आणि ‘-लाच’ यांमुळे एक पेपर हलला व दुसरा होता तेथेच राहिला, हे नाते स्पष्ट होते. मजकुरात ‘परवा’, ‘उद्या’, ‘कालची सूचना’ असे शब्द टाळले आहेत. मंगळवारी संध्याकाळी लिहिलेला ‘परवा’ बुधवारी सकाळी वाचला गेला तर शुक्रवार दाखवतो. वाराचे नाव व तारीख दोन्ही दिल्याने त्यांचा परस्परांशी ताळा घेता येतो. एकात चूक झालीच तर दुसऱ्यावरून ती ध्यानात येते.

गटावर जाणारा मजकूर

वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावरील मजकुराची गरज थोडी निराळी असते. एसएमएस केवळ त्या वर्गाच्या यादीवर जातो, म्हणून त्यात वर्गाचे नाव वगळता आले. गटावरील संदेश मात्र पुढे पाठविला जातो. प्रथम वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्यापर्यंत तो पोहोचला आणि त्यात वर्ग नसेल, तर त्याच्यासाठी ही दुरुस्तीच एक नवी चूक ठरेल. म्हणून वर्ग, परीक्षा, तारीख, साल व पाठविणारा विभाग हे सर्व संदेशातच असावे :

“दुरुस्ती : द्वितीय वर्ष वाणिज्य, अंतर्गत परीक्षा
व्यवसाय अर्थशास्त्राचा पेपर गुरुवार, १२ मार्च २०२६ रोजी सकाळी ८ वाजता आहे.
लेखाशास्त्राचा पेपर शनिवार, १४ मार्च रोजी सकाळी ११ वाजताच होईल. इतर पेपरांत बदल नाही.
मंगळवारी दुपारी ४ वाजता पाठविलेल्या सूचनेत अर्थशास्त्राची तारीख व वेळ चुकीची होती. ही चूक परीक्षा विभागाची असून विभाग दिलगीर आहे. ती सूचना ज्यांना पुढे पाठविली असेल त्यांना हा संदेशही पाठवावा.
परीक्षा विभाग, मंगळवार, १० मार्च २०२६, सायं. ५.५०”

दिलगिरीचे स्थान येथे शेवटी आहे व तिला अर्धेच वाक्य दिले आहे, हे हेतुपुरस्सर आहे. ‘कामाच्या व्यापामुळे व संगणकातील तांत्रिक अडचणीमुळे नजरचुकीने असे घडले’ यांसारखी वाक्ये लिहिणाऱ्याला हलके वाटावे म्हणून लिहिली जातात. पेपराची वेळ शोधणाऱ्याला ती आडवी येतात. चूक का झाली याचा शोध घेणे आवश्यक आहे. परंतु त्याची जागा विभागाच्या अंतर्गत टिपणीत आहे. ‘चूक परीक्षा विभागाची’ एवढे मात्र स्पष्ट लिहावे. ‘चुकीचे नमूद झाले आहे’ अशा कर्ता नसलेल्या वाक्यातून चूक आपोआप घडल्याचा भास होतो, आणि पुढे शंका आल्यास कोणाला विचारावे हेही कळत नाही.

मागे घेणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

चूक लक्षात येताच बहुतेकांचा हात प्रथम संदेश पुसण्याकडे जातो. व्हॉट्सॲपवर पाठविलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि त्यानंतरही सुमारे दोन दिवस सर्वांसाठी पुसता येतो. या सोयी उपयुक्त आहेत. पण त्यांची मर्यादा ओळखली पाहिजे. ज्याने अद्याप वाचले नाही त्याला त्या वाचवितात. ज्याने वाचून तारीख वहीत लिहून घेतली त्याला त्या काहीही सांगत नाहीत. संदेशात गुपचूप बदल केला तर त्याच्याकडे लक्ष वेधणारी नवी सूचना सहसा जात नाही. पुढे पाठविल्या गेलेल्या प्रतींवर आणि पडद्याच्या काढलेल्या छायाचित्रांवर तर मूळ संदेश पुसण्याचा परिणामच होत नाही.

हा फरक किती महत्त्वाचा ठरू शकतो हे अमेरिकेतील हवाई राज्यात १३ जानेवारी २०१८ रोजी दिसून आले. त्या शनिवारी सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी राज्याच्या आपत्कालीन व्यवस्थापन संस्थेकडून सर्व मोबाइलवर इशारा गेला : राज्याच्या दिशेने क्षेपणास्त्र येत आहे, तत्काळ आश्रय घ्या, हा सराव नव्हे. प्रत्यक्षात कोणतेही क्षेपणास्त्र नव्हते. काही मिनिटांतच संस्थेने इशारा रद्द केला. पण रद्द करण्याचा अर्थ इतकाच होता की तो नव्या मोबाइलवर जाणे थांबले. ज्यांना मिळाला होता ते तळघरात, स्नानगृहात, भुयारांत बसून राहिले. त्यांना कोणीच काही कळविले नव्हते. समाजमाध्यमांवर ८ वाजून २० मिनिटांच्या सुमारास खुलासा आला. परंतु ज्या मार्गाने भीती पोहोचली होती त्याच मार्गाने, म्हणजे मोबाइलवरील इशाऱ्याच्या रूपाने, दुरुस्ती पोहोचली ती ८ वाजून ४५ मिनिटांनी. मधली ३८ मिनिटे लोकांनी मृत्यूच्या छायेत काढली. राज्यपाल डेव्हिड इगे यांनी नंतर सांगितले की त्यांना स्वतःच्या ट्विटर खात्यात प्रवेश करण्याचा परवलीचा शब्द ठाऊक नव्हता. चौकशीत आढळले की खोटा इशारा गेल्यास काय पाठवावयाचे याची तयारीच संस्थेने केलेली नव्हती. इशाऱ्याचा मजकूर यंत्रणेत सज्ज होता. दुरुस्तीचा मात्र ऐनवेळी तयार करावा लागला.

महाविद्यालयाच्या प्रसंगाशी याची तुलना प्रमाणाच्या दृष्टीने करता येणार नाही. परंतु दोन सूत्रे तशीच लागू होतात. पहिले, दुरुस्ती ज्या मार्गाने चूक गेली त्या प्रत्येक मार्गाने गेली पाहिजे. एसएमएसने गेलेली चूक केवळ गटावर दुरुस्त करून चालत नाही. मूळ संदेश पुसावयाचा असेल तर आधी दुरुस्ती पाठवावी व मग पुसावा. उलट केल्यास मधल्या काळात केवळ ‘संदेश पुसला गेला’ एवढेच दिसते व तर्कवितर्क सुरू होतात. दुसरे सूत्र, दुरुस्तीचा नमुना चूक होण्यापूर्वीच तयार असला पाहिजे.

हे दुसरे सूत्र भारतातील महाविद्यालयांच्या बाबतीत केवळ सावधगिरीचे नाही, ते नियमाशी जोडलेले आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ सालच्या नियमावलीनुसार संस्थांना घाऊक एसएमएसचे मजकूर दूरसंचार कंपन्यांकडे आधी नोंदवावे लागतात. बदलणाऱ्या तपशिलासाठी नमुन्यात रिकाम्या जागा ठेवता येतात. पण नोंदविलेल्या नमुन्याशी न जुळणारा संदेश अडविला जातो. या छाननीचा प्रत्यक्ष अंमल २०२१ साली सुरू झाला. अनेक संस्था परीक्षा, शुल्क व निकाल यांचे नमुने नोंदवितात. ‘दुरुस्ती’चा नमुना नोंदवावयाचा राहून जातो. मग संध्याकाळी साडेपाचला मजकूर कितीही नेटका लिहिला तरी नमुन्याची मंजुरी मिळेपर्यंत तो पाठविता येत नाही. म्हणून विषय, वार, तारीख व वेळ यांसाठी रिकाम्या जागा असलेला एक दुरुस्तीचा नमुना सत्राच्या आरंभीच नोंदवून ठेवणे इष्ट होय. नमुन्यात संस्थेचे नाव घालावे लागल्यास मजकूर तिसऱ्या तुकड्यात जाईल. ते चालेल, पण पहिल्या तुकड्यातील वाक्य पूर्णच असावे.

पाठविल्यानंतर

दुरुस्ती गेली म्हणजे पोहोचली असे नव्हे. गटावर ‘सर्वांना मिळाले का?’ असे विचारल्यास दहापाच जण ‘हो सर’ म्हणतात आणि बाकीच्यांविषयी काहीच कळत नाही. त्याऐवजी बुधवारी पहिल्या तासाला वर्गात ‘अर्थशास्त्राचा पेपर कधी आहे?’ असा प्रश्न विचारावा. कोणी ‘शनिवारी’ म्हणाले, तर कोणत्या मार्गावर दुरुस्ती पोहोचली नाही हे शोधता येते. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची यादी करून त्यांना दूरध्वनी करावा. साधारणतः ही यादी मोठी नसते, आणि पेपर बुडण्याचा धोका याच यादीत एकवटलेला असतो.

संकेतस्थळावर व फलकावर लावलेली मूळ वेळापत्रकाची प्रत बदलताना नव्या प्रतीवर ‘सुधारित, दि. १०/०३/२०२६’ असे ठळक लिहावे आणि धारिकेच्या नावातही ते यावे. एकाच नावाच्या दोन धारिका विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये जमा झाल्या, की परीक्षेच्या आदल्या रात्री तो कोणती उघडेल हे सांगता येत नाही.

दुरुस्तीतही चूक राहिली तर काय करावे? अशा वेळी दुरुस्तीची दुरुस्ती काढू नये. तीन संदेशांतून खरे कोणते हे जुळविण्याचे काम वाचणाऱ्यावर पडते. त्याऐवजी संपूर्ण वेळापत्रक नव्याने पाठवून ‘यापूर्वीच्या सर्व सूचना रद्द’ असे लिहावे. मूळ वेळापत्रकातच तीनचार ठिकाणी चुका असतील तर पहिल्यापासून हाच मार्ग धरावा. कोणताही मजकूर मागील मसुद्याशी ताडून पाहू नये. तो स्वाक्षरी झालेल्या मंजूर वेळापत्रकाशीच ताडावा. मसुद्यावरून मसुदा तपासला की त्यातील चूकही इमानाने पुढे उतरते.

समारोप

इतके करूनही एखादा विद्यार्थी गुरुवारी सकाळी येणार नाही आणि शनिवारी अकरा वाजता दोन्ही पेपरांची तयारी करून येईल. त्याच्या हाती मंगळवारी चार वाजताचा, महाविद्यालयानेच पाठविलेला संदेश असेल. दुरुस्ती पाठविली होती, ही वस्तुस्थिती त्याच्यापुढे ठेवता येईल. परंतु तेवढ्याने मूळ चुकीची जबाबदारी त्याच्यावर ढकलता येणार नाही. दुरुस्ती नुकसान झालेल्यांची संख्या कमी करते. ती चूक घडलीच नव्हती असे सिद्ध करीत नाही. म्हणून मूळ सूचना व दुरुस्ती केव्हा, कोणत्या मार्गाने व कोणाला पाठविली याची नोंद शुद्धिपत्रकासोबत जपून ठेवावी, आणि त्या विद्यार्थ्याच्या फेरपरीक्षेचा निर्णय तो दारात येण्यापूर्वीच घेऊन ठेवावा.